खप वाढला, पण कशामुळे?

समजा, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या गोड्या मसाल्याच्या पाकिटाची किंमत दिवाळीच्या तोंडावर १९९ वरून २२९ रुपये केली. आधीच्या पंधरवड्यात १०० पाकिटं गेली होती, नंतरच्या पंधरवड्यात १०८. भाव वाढवूनही खप वाढला म्हणून मालक खूश! पण त्याच दुकानातल्या कांदा-लसूण मसाल्याचा भाव तोच होता आणि त्याचा खप ८० वरून ९६ पाकिटांवर गेला, म्हणजे २० टक्के वाढला. सणाचा हा जोर गोड्या मसाल्यालाही मिळाला असता, तर जुन्या भावात १२० पाकिटं गेली असती. म्हणजे भाववाढीने सुमारे १२ पाकिटांची विक्री गमावली.

तरी सौदा फायद्याचाच. विक्रीवरचं कमिशन वगैरे जाऊन पाकिटामागे नफा ६० वरून ८६ रुपये झाला असेल, तर ७,२०० ऐवजी ९,२८८ रुपये हाती येतात.

हा हिशोब टिकतो तो दोन्ही मसाल्यांच्या जाहिरातींचं रोजचं बजेट हललं नसेल तरच. माल संपलेले दिवस दोन्हीकडून वगळावेत. माल असूनही ‘दोन दिवसांत घरपोच’चे सहा दिवस झाले, तरी गिऱ्हाईक पळतं, हे मात्र साठ्याच्या तक्त्यात दिसत नाही.

शिवाय शंभराच्या आसपासच्या विक्रीत दहा-वीस पाकिटांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणून सण सरल्यावर आठवड्याआड भाव बदलत दोन महिने पाहावं.