‘फोर्थ स्टेज’ ऐकून घरी परतू नका; तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट असा वाचा

गोंदिया : खर्रा आणि तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्या भागात नवीन नाहीत. तुकडा तपासणीत (बायोप्सी) कॅन्सर निघाला की रुग्णाला नागपूरला पाठवले जाते आणि काही दिवसांत कागदावर एक ओळ येते : cT2 N2b M0, स्टेज IVA. घरच्यांना त्यातले ‘चौथी स्टेज’ एवढेच कळते. आता पैसे घालून उपयोग नाही, असे म्हणून काही जण तिथूनच गावी परततात. पण उपचार त्या आकड्यावर नाही, तर आधीच्या तीन अक्षरांवर ठरतात.

टी म्हणजे मूळ गाठ. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीची रुंदी पाहतात आणि ती आत किती खोल गेली तेही पाहतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपर्यंत खोल असलेली गाठ टी-1 होते. तेवढीच रुंद गाठ सात मिलिमीटर खोल असली तर ती टी-2 होते. म्हणून वरून लहान दिसणारा चट्टा लहान असेलच असे नाही. जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली गाठ टी-4 मध्ये जाते. खर्र्यामुळे तोंडच उघडत नसेल तर बोटाने तपासून अंदाज येत नाही, सीटी किंवा एमआरआय करावाच लागतो.

एन म्हणजे मानेतल्या गाठी. एन-0 म्हणजे मानेत काही सापडले नाही. त्याच बाजूला तीन सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असली तर एन-1, आणि त्याच बाजूला एकापेक्षा जास्त असल्या तर एन-2बी. दात किडला तरी मानेत गाठ येते, म्हणून शंका असेल तर सुईने पाणी काढून तपासतात. एम म्हणजे फुफ्फुस, हाडे किंवा लिव्हर अशा लांबच्या अवयवात पसरणे. एम-0 असेल तर तिथे कॅन्सर सापडलेला नाही.

आता वरची ओळ पुन्हा वाचा. समजा, देवरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या उजव्या गालात तीन सेंटिमीटरची, आठ मिलिमीटर खोल गाठ आहे. त्याच बाजूला मानेत दोन लहान गाठी आहेत. छातीचा सीटी स्वच्छ आहे. टी-2, एन-2बी, एम-0. मानेतल्या दोन गाठींमुळेच आकडा चौथ्या स्टेजवर गेला, पण आजार अजून तोंड आणि मानेपुरताच आहे. अशा रुग्णाचे उपचार बरे करण्याच्या उद्देशानेच होतात. आधी ऑपरेशन करून गालातली गाठ आणि मानेतल्या गाठी काढतात, मग साधारण सहा आठवडे शेक (रेडिएशन) देतात.

याउलट दुसऱ्याची गाठ दीड सेंटिमीटरचीच आहे, मान मोकळी आहे, पण फुफ्फुसात कॅन्सर सापडला. हीसुद्धा चौथी स्टेजच, फक्त IVC. इथे तोंडाचे मोठे ऑपरेशन सहसा करत नाहीत. औषधे देऊन आजार आवरणे आणि दुखणे कमी ठेवणे, हा उद्देश असतो. आकडा एक, पण मार्ग वेगळे.

मान मोकळी असली तरी लहान गाठीच्या ऑपरेशनमध्ये मानही साफ का करतात, असे नातेवाईक विचारतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. काही रुग्णांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, बाकीच्यांची गाठ दिसल्यावरच. 2015 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटात 100 पैकी 80 जण जिवंत होते, दुसऱ्या गटात 67 ते 68. कारण बारीक पसरलेला कॅन्सर हाताला लागत नाही आणि स्कॅनमध्येही सुटू शकतो.

म्हणून ऑपरेशननंतर ओळ बदलू शकते. आधीच्या ओळीत c असतो, तो तपासणी आणि स्कॅनवरचा अंदाज. काढलेला भाग तपासल्यावर p लावून नवी ओळ येते, आणि पुढचे उपचार तिच्यावर ठरतात. मानेतल्या गाठीचे आवरण फोडून कॅन्सर बाहेर आला असेल, किंवा कापलेल्या कडेला शिल्लक असेल, तर शेकासोबत केमोही दिली जाते. शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. जखम भरली, आता धानाची कापणी उरकून जाऊ, असे म्हणत दोन-तीन महिने घालवले तर आजार परत येण्याचा धोका वाढतो.

नागपूरला जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनची फिल्म किंवा सीडी, आणि असल्यास ऑपरेशननंतरचा रिपोर्ट सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, शेक आणि केमो येतात, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्डही लागते. डॉक्टरांना स्टेज किती एवढेच विचारू नका. टी किती, एन किती, एम शून्य आहे का, आणि उपचार बरे करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी, हे विचारा.