अवघड प्रसंग आधी सांगा

फिल्म स्कूलच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा एक लघुपट करावा लागतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये त्याला डिप्लोमा फिल्म म्हणतात, इतर अनेक ठिकाणी थीसिस फिल्म. कॅमेरा हातात येण्याआधी बऱ्याच संस्थांत ‘पिच’चा दिवस ठरलेला असतो. समोर प्राध्यापक बसतात, शेजारी बाहेरून बोलावलेले निर्माते, छायालेखक, संकलक. विद्यार्थ्याने पाच-सात मिनिटांत, अजून अस्तित्वातच नसलेली फिल्म त्यांना सांगायची. त्यानंतर प्रश्न.

हे भाषण अवघड जातं, कारण समोरच्या दोन गटांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. प्राध्यापकांनी पटकथा दोन-तीनदा वाचलेली असते. त्यांना कथा नको असते. दिलेल्या दिवसांत आणि दिलेल्या पैशांत हे काम या मुलाच्या हातून पुरं होईल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. पाहुणे मात्र कथा पहिल्यांदाच ऐकत असतात. कोणाची गोष्ट आहे आणि पुढे काय होतं, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं नाही तर उरलेली मिनिटं वाया गेली असं समजावं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीची चौदा मिनिटांची फिल्म आहे. एसटीची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबून सकाळी परत निघणारी. कंडक्टर हिशेब करतो तर पाचशे रुपये कमी भरतात. गाडीत दुसरं कोणी नाही, फक्त ड्रायव्हर. रात्र दोघांना त्याच गाडीत काढायची आहे.

पिचमध्ये बहुतेक मुलं सुरुवात अशी करतात: “सर, मॅडम, माझी फिल्म विश्वास आणि एकटेपणाबद्दल आहे.” यातून काहीच दिसत नाही. विश्वासाबद्दलच्या फिल्म हजार असतील. त्याऐवजी तिने म्हणावं, “एका कंडक्टरच्या बॅगेत पाचशे रुपये कमी आहेत आणि ज्याच्यावर संशय आहे, त्याच्या शेजारच्या बाकावर त्याला झोपायचं आहे.” आता खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात ती गाडी बघू लागतो. २०२४ साली कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या फिल्म स्कूलच्या विभागात पहिलं पारितोषिक मिळवणारा चिदानंद नाईक यांचा कन्नड लघुपट एफटीआयआयचाच. म्हातारी गावाचा कोंबडा चोरते आणि गावात उजाडेनासं होतं, इतकी ती गोष्ट एका वाक्यात मावते.

दुसरी चूक शेवट लपवण्याची. “पुढे काय होतं ते पडद्यावरच बघा,” हे वाक्य प्रेक्षकाला चालेल, पिचमध्ये नाही. समोरची माणसं तिकीट काढून आलेली नाहीत. गोष्ट पूर्ण बांधली आहे का, हे त्यांना तपासायचं आहे. आपल्या विद्यार्थिनीने सांगून टाकावं: मध्यरात्री ड्रायव्हर वैतागून स्वतःचे पाचशे रुपये देऊन टाकतो. पहाटे कंडक्टरला हरवलेली नोट बॅगेच्या अस्तरात सापडते. आता त्याच्याकडे पाचशे रुपये जास्त आहेत, आणि गाडी सुटायची वेळ झाली आहे. हे कळल्यावर फिल्मचं वजन कळतं.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते, आणि माझं मत असं की भाषणातली किमान दोन मिनिटं इथे खर्च व्हावीत. आपल्या फिल्ममधला सगळ्यात अवघड प्रसंग कोणता, हे विद्यार्थ्याने कोणी विचारायच्या आधी स्वतःच सांगावं. इथे तो पहिलाच प्रसंग आहे: अंधारात धावणाऱ्या गाडीत कंडक्टर पैसे मोजतो. अनुभवी छायालेखक हे ऐकताच विचारणार, “गाडी चालती ठेवणार की उभी?”

चालत्या गाडीत शूटिंग करायचं तर इंजिनाच्या आवाजात संवाद बुडतात, दिवे लावायला जागा नसते, प्रत्येक टेकनंतर गाडी वळवून मागे आणावी लागते आणि रात्रीच्या रस्त्यावर सगळ्या युनिटच्या सुरक्षेचा प्रश्न येतो. दुसरा मार्ग जुना आणि स्वस्त आहे. गाडी उभीच ठेवायची. बाहेर दोघं जण हातात दिवे घेऊन खिडक्यांच्या बाजूने पुढून मागे चालत जातात, त्यामुळे आत चेहऱ्यांवरून उजेड सरकतो. एक जण मागच्या बाजूला लांब फळीचा टेकू लावून गाडी किंचित हलवत राहतो. इंजिनाचा आवाज दुसऱ्या दिवशी वेगळा ध्वनिमुद्रित करून संकलनात जोडायचा. संवाद स्वच्छ मिळतात. याची किंमतही आहे: खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवता येत नाही, ड्रायव्हरच्या समोरची काच टाळावी लागते. म्हणजे कॅमेरा कंडक्टरच्या चेहऱ्याजवळ आणि नोटांजवळच राहणार. ही अडचण या गोष्टीच्या फायद्याची आहे आणि तिने ती तशीच मांडावी. निवड काय केली, तिच्यापायी काय सोडलं, हे दोन्ही सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर प्राध्यापकांचा भरवसा बसतो.

मग वेळेचा हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असं धरतात. चौदा पानं आणि चार रात्री, म्हणजे रात्रीला साडेतीन पानं. ऐकायला सोपं वाटतं. पण अंधाराचे दहा तास धरले तर जेवणाचा एक आणि सुरुवातीच्या प्रकाशयोजनेचे दोन वजा करून सात उरतात. तिच्या यादीत साठ शॉट असतील तर रात्रीला पंधरा, म्हणजे एका शॉटला अठ्ठावीस मिनिटं. दोन बाकांमधल्या बोळात कॅमेरा हलवायचा, दिवे पुन्हा लावायचे, तालीम घ्यायची, तीन-चार टेक घ्यायचे. हे अठ्ठावीस मिनिटांत बसत नाही. तिसऱ्या रात्री ती मागे पडेल आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग उजाडताना घाईत उरकला जाईल. यादी अठ्ठेचाळीसवर आणली तर प्रत्येक शॉटला पस्तीस मिनिटं मिळतात. कोणते बारा शॉट गेले, हे पिचमध्ये सांगता आलं तर फार प्रश्न उरत नाहीत.

पाहुण्यांकडून हमखास येणारा एक प्रश्न गाण्याचा असतो. कंडक्टरच्या मोबाइलवर जुनं हिंदी गाणं वाजतं, असं पटकथेत सहज लिहिलं जातं. जुनं गाणं म्हणजे मोकळं गाणं नव्हे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो आणि शब्द व चालीचा हक्क त्याहून वेगळा, कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. म्हणजे परवानग्या किमान दोन. त्या नसतील तर फिल्म तयार होऊनही महोत्सवाला पाठवता येत नाही, आणि गाण्यावर संवाद चढलेले असले तर ते नंतर काढताही येत नाही. म्हणून अशा वेळी वर्गमित्राकडून नवी चाल बांधून घ्यावी, त्याचं लेखी संमतीपत्र घ्यावं आणि पिचमध्ये ती चाल वीस सेकंद ऐकवावी.

मूड दाखवण्यासाठी दुसऱ्यांच्या फिल्ममधले तुकडे जोडून व्हिडिओ लावायची पद्धत सध्या फार आहे. तो मोठ्या बजेटचा उजेड बघून पाहुण्यांच्या अपेक्षा भलत्याच होतात. त्यापेक्षा आगारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीत, परवानगी घेऊन, संध्याकाळनंतर आतल्या एका दिव्यात काढलेले चार फोटो पुरतात. कंडक्टरच्या सीटवरून मागचा बाक किती दिसतो, एवढं जरी त्यांत आलं तरी छायालेखक खुर्चीत पुढे सरकून बसतो आणि पुढचे प्रश्न लेन्स कोणती, दिवा कुठे, असे नेमके यायला लागतात.