तीन सभा, तीन बहुमतं

गळती सातव्या मजल्यावर होते आणि भांडण तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, मग सुरू होते आणि रात्री साडेदहाला एकदाचा ठराव मंजूर होतो. पुढच्या सभेत तोच ठराव रद्द होतो. चार महिन्यांनी तिसराच मंजूर होतो. बाहेरच्याला वाटतं, या लोकांना आपलं मत काय तेच ठाऊक नाही. खरं तर प्रत्येकाला आपलं मत पक्कं ठाऊक असतं. गोंधळ असतो तो सगळ्यांच्या मतांची बेरीज करताना.

तळमजला अधिक सात मजले, चाळीस वर्षांची जुनी इमारत अशी एक नमुन्याची सोसायटी धरू. २८ फ्लॅट आणि खाली ४ दुकानं, म्हणजे ३२ सभासद. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सांगतो की, गच्चीचं वॉटरप्रूफिंग संपलंय, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपलाइन बदलायला हव्यात, बाहेरचं प्लास्टर पोकळ झालंय. सगळ्याचा अंदाज ३६ लाख. समोर तीन पर्याय आहेत: संपूर्ण दुरुस्ती, फक्त गच्चीवर डागडुजी किंवा पुनर्विकास.

पहिल्या गटात १३ जण आहेत. सातव्या मजल्यावरचे चौघे, भिंतींना ओल असलेले पाच फ्लॅट आणि चारही दुकानदार. सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे एकत्र येतात, कारण वर छत गळतं आणि खाली गिऱ्हाइकाच्या डोक्यावर प्लास्टर पडायची भीती असते. यांना संपूर्ण दुरुस्ती हवी. ती नसेल तर निदान डागडुजी, पण पुनर्विकास मुळीच नको. धंदा तीन वर्षं बंद ठेवणं दुकानदाराला परवडत नाही.

दुसऱ्या गटात १० जण आहेत, पेन्शनवर जगणारे आणि एकाच पगारावर घर चालवणारे. यांना डागडुजी पुरे. ती होणार नसेल तर पुनर्विकास चालेल, कारण त्यात खिशातून काही जाणार नाही असं त्यांना वाटतं. लाखाच्या घरातली वर्गणी मात्र नको. तिसरा गट ९ जणांचा. वन बीएचकेत अडचणीनं राहणारी तरुण कुटुंबं आणि फ्लॅट भाड्यानं देऊन दुसरीकडे राहणारे मालक. त्यांना पुनर्विकास हवा. तो नसेल तर काम एकदाच नीट करा, दरवर्षीची मलमपट्टी नको, असं त्यांचं म्हणणं.

आता हात मोजू. संपूर्ण दुरुस्ती की डागडुजी? पहिला आणि तिसरा गट मिळून २२ विरुद्ध १०, दुरुस्ती जिंकते. डागडुजी की पुनर्विकास? २३ विरुद्ध ९, डागडुजी जिंकते. पुनर्विकास की संपूर्ण दुरुस्ती? १९ विरुद्ध १३, पुनर्विकास जिंकतो. प्रत्येक पर्याय एकाला हरवतो आणि दुसऱ्याकडून हरतो. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंतानं १७८५ मध्ये हा पेच मांडला होता. सोसायटीत त्याचा अर्थ असा की, कोणते दोन पर्याय आधी मतदानाला ठेवले यावर निकाल ठरतो. जो पर्याय शेवटी येतो तो जिंकतो. विषयपत्रिकेचा क्रम लावणाऱ्याच्या हातात नकळत सगळी सत्ता जाते आणि हरलेल्यांना पुढच्या सभेत वेगळा क्रम मागण्याचं कारण मिळतं.

यातलं एक बहुमत तर निव्वळ फसवं आहे. पुनर्विकासासाठी सध्याच्या नियमांनुसार किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, म्हणजे इथे १७ जणांची. १९ हात वर झालेले पाहून तिसऱ्या गटाला वाटतं, काम झालं. पण त्यातले १० जण पुनर्विकासासाठी आलेलेच नाहीत, ते वर्गणीपासून पळून आलेत. बिल्डरनं पहिला कागद सहीला पुढे केला की ते गायब होतात.

म्हणून अनुभवी सचिव सभेआधी घरोघर जातो तेव्हा ‘तुम्हाला काय हवं?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘ते नाही मिळालं तर मग काय?’ हेही विचारतो. आघाडी जुळते ती दुसऱ्या पसंतीवर. दहा जणांच्या गटाला हा प्रश्न विचारला की कळतं, त्यांचा विरोध दुरुस्तीला नाही, एकरकमी पैशाला आहे.

मग हिशेब नव्यानं मांडता येतो. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम जमा करायची असते. समजा, त्यातून ९ लाख साठलेत. उरले २७ लाख. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी उपविधींप्रमाणे क्षेत्रफळावर आकारायची, त्यामुळे ‘सगळ्यांना सारखी की चौरस फुटावर?’ हा वाद घालायचं कारण उरत नाही. एकूण क्षेत्रफळ १८,००० चौरस फूट असेल तर फुटाला १५० रुपये पडतात. साडेचारशे फुटांच्या वन बीएचकेला ६७,५०० रुपये. अठरा हप्ते केले तर महिना ३,७५०. हा आकडा ऐकल्यावर पेन्शनवाल्या काका-काकूंचा चेहरा वेगळा दिसतो.

पण ठेकेदार अठरा महिने उधारीवर काम करणार नाही. म्हणून कामही हप्त्यांच्या चालीनं बेतावं लागतं. जानेवारीत ठराव, फेब्रुवारीपासून वसुली. मार्च ते मे गच्ची आणि पाइपलाइन, साठलेल्या ९ लाखांत. पावसाळ्यात काम बंद, वसुली चालू. महिन्याला दीड लाख म्हणजे ऑक्टोबरअखेर साडेतेरा लाख हाताशी. मग नोव्हेंबरला बाहेर परात बांधायची आणि एप्रिलपर्यंत प्लास्टर संपवायचं.

एवढ्यानं दहा जणांची पहिली पसंती बदलत नाही, अजूनही त्यांना डागडुजीच हवी. फक्त संपूर्ण दुरुस्ती त्यांच्या यादीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते. तेवढ्यानं पेच सुटतो. दुरुस्ती आता डागडुजीला २२-१० हरवते आणि पुनर्विकासाला २३-९. क्रम कसाही लावा, निकाल तोच. हरलेल्या नऊ जणांनाही रिकाम्या हातानं पाठवू नये. दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षं टिकेल हे अभियंत्याकडून लेखी घ्यायचं आणि त्या मुदतीच्या आत पुनर्विकासाचा विषय पुन्हा सभेपुढे आणायचा, हे त्याच ठरावात लिहावं. नाहीतर हप्ते चुकवायला सुरुवात तिथूनच होते.

कारण सभेतलं बहुमत म्हणजे पासबुकातलं बहुमत नव्हे. थकबाकीदाराविरुद्ध उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर परात भिंतीला उभी असते. शिवाय ठोकून पाहिल्याशिवाय प्लास्टर किती पोकळ आहे ते कळत नाही. बिल प्रत्यक्ष मोजमापावर असतं, ते हमखास वाढतं, आणि आघाडीला पहिला तडा याच वाढीव बिलानं जातो. दहा टक्क्यांपर्यंतची वाढ कोण मंजूर करणार, त्यापुढे सभा कधी बोलवायची, हे काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेलं बरं.

ठेकेदाराच्या बिलातले पाच टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, काम संपल्यावरचा पावसाळा सरेपर्यंत रोखून ठेवावेत. सातव्या मजल्यावरच्या हॉलमधली बादली तोवर काढली नसेल, तर चेकही काढू नये.