रोहिताचे दात आणि संस्कृतचे तीन भूतकाळ

ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत हरिश्चंद्राची गोष्ट आहे. राजाला मूल नाही. वरुणाने मुलगा दिला तर त्याच मुलाचा बळी देऊन वरुणाचे यजन करीन, असा नवस तो बोलतो. रोहित जन्मतो आणि वरुण वचन मागायला हजर होतो. राजा मुदत मागतो : दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दुधाचे दात पडू देत, नवे येऊ देत. वरुण दर वेळी ‘बरे’ म्हणतो आणि मुदत भरताच पुन्हा दारात उभा राहतो. शुनःशेपाचे आख्यान पुढे याच नवसातून वाढते. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त रमवतात ती तिची क्रियापदे. संस्कृतचे भूतकाळ एकेकाळी किती नेमके बोलत होते, हे इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे क्वचितच दिसते.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना लकार आठवत असतील. भूतकाळासाठी तीन लकार आहेत : लङ्, लिट् आणि लुङ्. ‘तो झाला’ हे त्यांत अनुक्रमे अभवत्, बभूव आणि अभूत् असे होते. एका अर्थासाठी तीन रूपे कशाला, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्तच असतो, कारण शाळेत ज्या काव्यांचे उतारे वाचायला मिळतात त्यांत या तिन्हींमधला फरक जवळजवळ पुसलेला असतो. तो फरक पाहायचा तर यज्ञाची चर्चा करणाऱ्या ब्राह्मणग्रंथांच्या गद्याकडे जावे लागते.

आता रोहिताकडे वळू. मुलगा झाला हे निवेदक सांगतो तेव्हा क्रियापद आहे ‘जज्ञे’, म्हणजे लिट्. लगेच वरुण राजाला म्हणतो, तुला मुलगा झाला आहे, आता यजन कर. त्याच्या तोंडी क्रियापद येते ‘अजनि’, म्हणजे लुङ्. धातू तोच, घटना तीच, फक्त बोलणारा बदलला. दहा दिवस उलटले हे निवेदक ‘आस’ या लिट् रूपाने सांगतो, वरुण ‘अभूत्’ म्हणतो. दात आले : निवेदकाचे ‘जज्ञिरे’, वरुणाचे ‘अज्ञत’. दात पडले : निवेदकाचे ‘पेदिरे’, वरुणाचे ‘अपत्सत’. निवेदकासाठी हे सारे फार पूर्वी, कुणा राजाच्या घरी घडलेले आहे. वरुणासाठी ते आत्ता, डोळ्यांसमोर घडले आहे आणि त्याच्या जोरावरच तो मागणी करतो आहे. मराठीत वरुणाचे वाक्य नीट उतरवायचे तर ‘दात पडले’ एवढ्याने भागत नाही, ‘दात पडले आहेत ना आता’ असे म्हणावे लागते.

हा एका कथेचा योगायोग नाही. शतपथ ब्राह्मणातल्या उर्वशी-पुरूरव्याच्या कथेत ती त्याच्याकडे पुष्कळ काळ राहिली हे निवेदक ‘उवास’ असे लिट् वापरून सांगतो. गंधर्व आपसांत तीच गोष्ट बोलतात तेव्हा ‘अवात्सीत्’ हे लुङ् येते. त्यांच्या दृष्टीने तिचे राहणे अजून संपलेलेच नाही, आणि त्यांना काळजी आहे ती त्याचीच. इथे लुङ् किती दिवसांपूर्वीची गोष्ट आहे हे मोजत नाही. घडलेल्या गोष्टीचा परिणाम बोलणाऱ्याच्या समोर उभा आहे, एवढेच ते सांगते. ब्राह्मणग्रंथ वाचताना लुङ् भेटले की आधी पुढे ‘इति’ आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी बोलण्यातच असते.

यज्ञाच्या बोलण्यात लुङ्‌ला इतके स्थान का, हे कर्मकांडात शिरल्यावर कळते. दर्शपूर्णमास इष्टी करताना यजमान आरंभी अग्नीपुढे व्रत घेतो, तेव्हा क्रियापद भविष्यकाळी असते : ‘चरिष्यामि’. इष्टी संपली की तो त्याच अग्नीला व्रत पाळल्याचे सांगतो, तेव्हा शब्द असतात ‘अचारिषम्’ आणि ‘अशकम्’. दोन्ही लुङ्. मी व्रत पाळले आहे, मला ते जमले आहे. शेवटाकडे होता सूक्तवाक म्हणतो. देवतेने हवि स्वीकारला, तिची वाढ झाली, तिने मोठे तेज मिळवले, अशी ती घोषणा असते आणि तिथेही ‘अवीवृधत’, ‘अकृत’ अशी लुङ् रूपे येतात. कर्म नुकतेच पुरे झाले आणि त्याचे फळ इथे हजर आहे, हे जाहीर करायला याहून नेमका काळ भाषेत नव्हता.

लिट्‌ची कहाणी जास्त वळणाची आहे. तैत्तिरीय, मैत्रायणी आणि काठक या यजुर्वेद संहितांमधले गद्य ब्राह्मणग्रंथांत जुने मानले जाते, आणि तिथे गोष्ट सांगायला लिट् जवळजवळ वापरतच नाहीत. देव आणि असुर एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते, अशी सुरुवात त्यांत पुन्हा पुन्हा येते. तिथले क्रियापद ‘आसन्’, म्हणजे लङ्. लिट् या गद्यात वेगळेच काम करते : आधी काहीतरी झाल्यामुळे आता असलेली स्थिती दाखवते. ‘वेद’ हे रूपाने लिट्, पण त्याचा अर्थ ‘जाणतो’. ‘दाधार’ म्हणजे धरून आहे, ‘आह’ म्हणजे म्हणतो. एखाद्या विधीचे फळ सांगताना ‘जो असे जाणतो त्याला’ असा शब्दप्रयोग ब्राह्मणग्रंथांत पावलोपावली येतो, त्यातला ‘वेद’ तो हाच.

ऐतरेयाच्या सातव्या पंचिकेत मात्र हरिश्चंद्र पुत्रहीन होता हे ‘आस’ने सांगितले जाते. म्हणजे मधल्या काळात लिट् निवेदनाचा काळ झाले. डब्ल्यू. डी. व्हिटनी या अमेरिकी संस्कृततज्ज्ञाने १८९२ साली ब्राह्मणग्रंथांतल्या लङ् आणि लिट्‌च्या निवेदनातल्या वापरावर लेख लिहिला आणि ही वाटणी ग्रंथाग्रंथानुसार मांडली. ऐतरेयाच्या पहिल्या पाच पंचिका मुख्यतः लङ्‌मध्ये गोष्ट सांगतात, शेवटच्या तीन लिट्‌मध्ये. शतपथातही अग्निचयनाची, म्हणजे सहाव्यापासून दहाव्यापर्यंतची कांडे लङ्‌कडे झुकतात आणि आरंभीची कांडे लिट्‌कडे. एकाच नावाखाली बांधलेल्या ग्रंथात वेगवेगळ्या काळाचे, प्रदेशांचे आणि परंपरांचे थर आहेत, हे ओळखायला अभ्यासकांना क्रियापदाचा मोठा आधार झाला. बाकीच्या खुणा धूसर असतात. गोष्ट सांगणारा मात्र आपल्या सवयीचा भूतकाळ नकळत वापरून जातो.

पाणिनीने तिन्ही भूतकाळांची वाटणी सूत्रांत बांधली. लुङ् सामान्य भूतकाळासाठी, आज घडलेल्या गोष्टीसुद्धा त्यात आल्या. आजच्या आधीचे असेल तर लङ्. आणि आजच्या आधीचे, शिवाय बोलणाऱ्याच्या नजरेआड घडलेले, म्हणजे परोक्ष असेल तर लिट्. पतंजलीने महाभाष्यात ‘परोक्ष’ म्हणजे नेमके काय, यावर मते नोंदवली आहेत. कुणी म्हणे शंभर वर्षांपूर्वीचे, कुणी म्हणे हजार, कुणी म्हणे दोन-तीन दिवसांपूर्वीचे आणि कुणी म्हणे भिंतीपलीकडचे. भिंतीपलीकडचे हे मत मला फार आवडते, कारण त्यात काळाचे माप सोडून साक्षीचे माप येते. स्वतःच्या कृतीबद्दल लिट् वापरायचे तर माणूस झोपेत किंवा नशेत असायला हवा, हेही त्यातूनच निघते.

हा नियम हातात घेऊन महाभारतात शिरले की तो टिकत नाही. सगळ्यांच्या ओळखीची भगवद्गीताच घेऊ. युद्ध सांगतो आहे संजय, आणि त्याला व्यासांनी दिव्यदृष्टी दिलेली आहे. त्याने सारे पाहिले आहे, म्हणजे त्याच्यासाठी काहीच परोक्ष नाही. तरी पहिल्या अध्यायात दुर्योधन बोलला हे तो ‘अब्रवीत्’ असे लङ्‌मध्ये सांगतो आणि कृष्ण बोलला हे ‘उवाच’ असे लिट्‌मध्ये. शंख फुंकले ते ‘दध्मौ’, लिट्. वाद्ये वाजली ते ‘अभ्यहन्यन्त’, लङ्. दोन्ही आवाज एकाच रणांगणावर, एकामागोमाग उठले. अर्थाचा फरक शोधत बसलो तर हाती काही लागत नाही.

हाती लागते ते छंदाकडे पाहिल्यावर. अनुष्टुभाच्या दुसऱ्या आणि चौथ्या चरणात पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू, सातवे लघु आणि आठवे कसेही, अशी ठेवण असते. ‘अब्रवीत्’ म्हणजे गुरू, लघु, गुरू. ते चरणाच्या अगदी शेवटी नेमके बसते. ‘उवाच’ म्हणजे लघु, गुरू, लघु. ते तिथे बसत नाही, पण मागे ‘ह’ जोडून ‘उवाच ह’ केले की शेवटची चारही अक्षरे भरतात. ‘बभूव ह’चेही तसेच. महाकाव्य रचणाऱ्या सूतांच्या ओठांवर श्लोक तयार होत असत. त्यांना एका घटनेसाठी वेगवेगळ्या मापांची रूपे मिळाली आणि त्यांनी ती वापरली. ब्राह्मणग्रंथात जो फरक साक्षीचा होता, तो इथे मात्रांचा झाला. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. बोलीभाषेतून हा फरक आधीच नाहीसा होत चालला होता आणि कवींनी उरलेल्या रूपांना नवे काम दिले.

लुङ् मात्र महाकाव्यात विरळ झाले. ‘अभूत्’सारखी थोडी रूपे राहिली, आणि ‘मा’ या निषेधाच्या शब्दामागे त्याने आपली जागा राखली. अर्जुनाला कृष्ण शोक करू नकोस म्हणतो ते ‘मा शुचः’, आणि दुबळेपणा धरू नकोस म्हणताना जे ‘गमः’ येते, ती दोन्ही लुङ्‌चीच, आरंभीचा अ गळालेली रूपे आहेत.

नुकतेच घडलेले, समोर असलेले सांगायचे जुने काम मग कुणी घेतले? कृदन्तांनी. चौथ्या अध्यायाच्या पहिल्या श्लोकात कृष्ण हा योग मी विवस्वानाला सांगितला म्हणतो तिथे ‘प्रोक्तवान्’ आहे, विवस्वानाने मनूला सांगितला तिथे ‘प्राह’, मनूने इक्ष्वाकूला सांगितला तिथे ‘अब्रवीत्’. सांगण्याच्या तीन क्रिया, तीन रूपे. अठराव्या अध्यायात अर्जुन मोह गेला, स्मृती आली असे म्हणतो. वरुणाच्या तोंडी इथे लुङ् आले असते. अर्जुनाच्या तोंडी ‘नष्टः’ आणि ‘लब्धा’ येतात. मराठीचा भूतकाळही याच घराण्यातला आहे. आपले ‘गेला’ संस्कृतच्या ‘गत’पासून आले आहे, ‘केला’ ‘कृत’पासून. लङ्, लिट्, लुङ् यांतल्या कशाचाही वारसा आपल्या रोजच्या भूतकाळात नाही. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत विल्सन व्याख्याने दिली, त्यांत संस्कृतपासून आपल्या भाषांपर्यंतच्या या प्रवासाचे टप्पे त्यांनी मांडले आहेत.

अर्जुनाच्या त्या श्लोकानंतर लगेच संजय बोलतो. हा संवाद मी ऐकला, असे सांगताना त्याचे क्रियापद आहे ‘अश्रौषम्’. शुद्ध लुङ्, स्वतः ऐकलेल्या गोष्टीसाठी, अगदी ब्राह्मणग्रंथात शोभावे असे. त्याच्या पुढच्याच श्लोकात तेच ऐकणे तो पुन्हा सांगतो, व्यासांच्या कृपेने ऐकले म्हणून, आणि या वेळी शब्द आहे ‘श्रुतवान्’.