सहाव्या टेबलावरच्या ताईंना चिठ्ठी

शाळेच्या कार्यक्रमातलं आभारप्रदर्शन आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती, मंडपवाले, माईकवाले अशी यादी होते. शेवटी ‘ज्ञात-अज्ञात ज्या ज्या हातांनी सहकार्य केलं त्या सर्वांचे’ आभार मानले जातात आणि लोक उठू लागतात. ज्यांचे ते हात असतात, त्या आया तेव्हा मागच्या वर्गात सतरंज्या झटकत असतात किंवा घरी जायच्या घाईत असतात. त्यांच्या कानावर ते आभार पडतच नाहीत. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सर्व पालकांचे मनःपूर्वक आभार’ असा संदेश आणि हात जोडल्याची चित्रं येतात, आणि विषय तिथेच संपतो.

आभार मानण्याची दुसरी रीत म्हणजे शिक्षकाने प्रत्येक मदतनीस पालकाला चार ओळींची वेगळी चिठ्ठी लिहिणं. तिची खरी गरज कुठे आहे, हे जिल्हा परिषद शाळांमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात चांगलं दिसतं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ या नावाने महाराष्ट्रात २०२२ पासून हे मेळावे होत आले आहेत. पहिला मेळावा साधारण एप्रिलमध्ये होतो आणि दुसरा शाळा उघडल्यावर जूनमध्ये. मूल आईबरोबर येतं आणि सात टेबलं फिरतं. नोंदणी झाली की शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी अशी टेबलं लागतात आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन मिळतं. प्रत्येक टेबलावर मुलाला काहीतरी करायला देतात. आखलेल्या रेषेवरून चालायचं, चेंडू टोपलीत टाकायचा, मटकी आणि हरभरे वेगळे करायचे, चित्रात काय दिसतं ते सांगायचं, चिंचोके मोजायचे. मुलाने काय केलं ते त्याच्या विकासपत्रावर नोंदवलं जातं.

आता दोनशिक्षकी शाळेत सात टेबलं सांभाळणार कोण? अंगणवाडीताई असतात, गावातली शिकलेली मुलं-मुली असतात आणि बाकीच्या जागी माता गटातल्या आया बसतात. त्यांना आदल्या दिवशी तासभर समजावून सांगितलेलं असतं, तेवढंच प्रशिक्षण. म्हणजे इथे पालक चहापाणी आणि बैठक बघायला आलेले नसतात, ते मुलांना शिकवण्याच्या कामातच बसलेले असतात. अशा कामाला ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हटलं, तर नेमकं काय आवडलं हे त्या आईला कळत नाही. आपण बरोबर केलं की कसंबसं निभावलं, हा तिच्या मनातला प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न साधा नाही. मेळाव्यात हमखास होणारी चूक म्हणजे मोठ्यांनी उत्तर पुरवणं. टेबलावरची ताई विचारते, ‘हा रंग कोणता?’ मूल बघत राहतं. दोन क्षण गेले की मागून आई सांगते, ‘लाल म्हण, लाल.’ मूल ‘लाल’ म्हणतं, विकासपत्रावर खूण होते आणि मुलाला रंग ओळखता येतो की नाही हे कुणालाच कळत नाही. मूल गप्प असताना आपणही गप्प बसणं मोठ्या माणसाला फार जड जातं. ज्या मदतनीस आईला हे जमतं, तिला ते जमलं म्हणून सांगणं हे शिक्षकाचं काम आहे. दुसरं कुणी ते पाहिलेलंच नसतं.

समजा, अशाच एका शाळेत शनिवारी मेळावा झाला आणि सोमवारी पहिलीच्या बाई चिठ्ठ्या लिहायला बसल्या. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘आपण आपला अमूल्य वेळ देऊन मेळावा यशस्वी करण्यासाठी जे मोलाचे सहकार्य केले त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे. भविष्यातही असेच सहकार्य लाभावे ही विनंती.’ यात चुकीचं काही नाही. पण ही चिठ्ठी दुसऱ्या टेबलावरच्या ताईंना दिली काय आणि माईकवाल्याला दिली काय, एक अक्षरही बदलावं लागणार नाही. शिवाय शेवटच्या वाक्यात आभार संपायच्या आत पुढची मागणी आली आहे.

मग बाई मेळाव्याच्या दिवशी हातात ठेवलेली छोटी वही उघडतात. टेबलांवरून फेऱ्या मारताना प्रत्येक मदतनिसामागे एक ओळ त्यांनी टिपलेली असते. सहाव्या टेबलापुढे लिहिलेलं असतं: ‘चिंचोके, वाटी, तिसऱ्यांदा जमलं.’ त्या एका ओळीतून चिठ्ठी अशी होते:

‘ताई, शनिवारी सहाव्या टेबलावर तुम्ही सकाळपासून बसला होतात. एक मुलगा दहापर्यंतचे अंक धडाधड म्हणत होता, पण समोरचे सहा चिंचोके मोजताना त्याचे कधी सात व्हायचे, कधी नऊ. तुम्ही त्याला “चुकलं” म्हणाला नाहीत. वाटी पुढे केलीत आणि एक अंक म्हटला की एकच चिंचोका वाटीत टाकायचा, हे करून दाखवलंत. तिसऱ्या वेळी त्याचे सहा बरोबर आले. पुढच्या मुलांनाही मोजता येईना तेव्हा तुम्ही आधी थांबलात आणि मगच वाटी दिलीत. आता पहिलीच्या वर्गातही आम्ही वाट्या ठेवणार आहोत. कामाचा खाडा करून तुम्ही आलात, हे आम्हाला माहीत आहे. मनापासून आभार. – पहिलीच्या बाई.’

या चिठ्ठीत स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी ती वाचणारीला पुरेपूर पोचते. बाईंनी काय पाहिलं ते यात आहे आणि त्याचा उपयोग काय झाला तेही आहे. अंक म्हणता येणं आणि वस्तू मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ मुलं अंकांची ओळ गाण्यासारखी म्हणतात, पण बोट एका चिंचोक्यावर असताना तोंडाने दोन अंक म्हणून जातात किंवा मोजलेलाच चिंचोका पुन्हा मोजतात. मोजलेला बाजूला गेला की हा घोळ कमी होतो. त्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिने समोरच्या मुलाकडे बघून ओळखलं. चिठ्ठीमुळे तिला कळलं की आपण केलं ते गणिताचं शिक्षण होतं. उन्हाळ्यात माता गट वस्तीवर जमेल, तेव्हा ती वाटी न सांगता पुन्हा काढेल. मुलाच्या विकासपत्रावरची नोंद मात्र पहिल्या, मदतीशिवायच्या प्रयत्नाचीच ठेवायची, नाहीतर जूनच्या मेळाव्यात तुलना कशाशी करणार?

चिठ्ठीत मुलाचं नाव नाही, हेही मुद्दाम केलेलं आहे. गाव लहान असतं. अमक्याच्या मुलाला सहा मोजता आले नाहीत, हे कागदावर लिहून दुसऱ्याच्या घरी पाठवणं बरं नव्हे. कुठल्या मुलाला काय आलं नाही, याची चर्चा फक्त त्याच्या स्वतःच्या पालकांशी, विकासपत्र हातात घेऊन करायची. ग्रुपवर फोटो टाकतानाही हेच पाहावं. टेबलापुढे रडणाऱ्या मुलाचा फोटो मोठ्यांना गोड वाटतो, पण त्याच्या आईला विचारल्याशिवाय तो पुढे जाऊ नये.

चिठ्ठ्यांमुळे मनं दुखावतात ती मजकुरापेक्षा यादीमुळे. आठ जणींना चिठ्ठी गेली आणि नववीला नाही, तर गावात त्याचा अर्थ लगेच लागतो, आणि भावकीचं काही जुनं असेल तर तेही त्याला चिकटतं. म्हणून नुसत्या कामवाटपाच्या तक्त्यावरून यादी करू नये. त्या तक्त्यात नसलेली माणसं आठवावी लागतात: ऐनवेळी घरची ताडपत्री आणून सावली करणारे आजोबा, नोंदणीच्या रांगेत लहान भावंडांना खेळवणारी मोठी बहीण, आदल्या रात्री तक्ते चिकटवणारे वडील. दुसऱ्या शिक्षकाला आणि अंगणवाडीताईंना यादी दाखवली की बहुतेक वेळा दोन-तीन नावं वाढतातच. ज्यांनी पैसे किंवा साहित्य दिलं त्यांचा उल्लेख करावा, पण आकडे लिहू नयेत. आकडा आला की चिठ्ठ्यांची उतरंड लागते आणि दिवसभर टेबलावर बसलेली आई पाचशे रुपये देणाऱ्याच्या खाली जाते.

ज्यांनी यायचं कबूल केलं होतं पण मजुरीमुळे किंवा घरच्या आजारपणामुळे येता आलं नाही, त्यांना आभाराची चिठ्ठी पाठवू नये, ती टोमण्यासारखी वाटते. त्यांच्याशी शाळेच्या फाटकात दोन शब्द बोलावेत. ज्या आईला वाचता येत नाही, तिला कागद द्यावाच, पण देताना बाईंनी स्वतः वाचून दाखवावा. ते जमलं नाही तर तोच मजकूर आपल्या आवाजात फोनवर पाठवावा. मुलाकडून आईला वाचून घ्यायला लावणं सोयीचं वाटतं खरं, पण आपल्याला वाचता येत नाही याची जाणीव तिला मुलासमोरच करून दिल्यासारखं होतं.

वेळेचं म्हणाल तर दोन-तीन दिवसांच्या आत चिठ्ठी हातात पडावी. आठवडा गेला की वहीतली ‘वाटी’ कोणती, हे बाईंनाही आठवत नाही आणि मजकूर पुन्हा ‘अमूल्य वेळ’वर येऊन थांबतो. ज्या मदतनिसापुढे वहीत काहीच टिपलेलं नसेल, तिच्याबद्दल गोष्ट रचू नये. तिच्याच टेबलावर बसलेल्या दुसऱ्या ताईंना विचारावं, त्यांनी नक्की काहीतरी पाहिलेलं असतं.

प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत शाळेत ठेवावी. जूनच्या मेळाव्याआधी टेबलं वाटताना ती उपयोगी पडते. कोण न बोलणाऱ्या मुलाला बोलतं करते, कोण मोजायला शिकवते, कोणाजवळ रडकं मूल शांत होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. तेव्हा बाईंनी त्या आईच्या घरी जाऊन विचारावं, ‘सहावं टेबल पुन्हा घ्याल का? आणि नव्या दोघी जणी येणार आहेत, त्यांना तुमची वाटीची रीत दाखवाल का?’ एप्रिलमध्ये तासभर समजावून घेऊन टेबलावर बसलेली आई जूनमध्ये दुसरीला शिकवू लागते, आणि शाळेने तिच्या कामाला जी किंमत दिली ती साऱ्या माता गटाला दिसते.