दीड लाखाला गाठायला किती वर्षं?

समजा, थोरल्या बहिणीने दीड लाख रुपये ६ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले आणि त्याच दिवशी धाकटीने एक लाख ९ टक्क्यांनी. धाकटीची रक्कम थोरलीला कधी गाठेल? लाखांत मांडलं तर प्रश्न इतकाच उरतो:

(१.०९)^क्ष = १.५ × (१.०६)^क्ष

शाळेत अशी गणितं सुटत, कारण पाया जुळवता येई. ४^क्ष = ८^(क्ष−१) दिसलं की दोन्हीकडे २ चे घात करायचे, मग २क्ष = ३क्ष − ३, म्हणून क्ष = ३. इथे १.०९ आणि १.०६ यांचा असा सोयीचा सामाईक पाया सापडत नाही, आणि क्ष तर घातांकात, वर अडकून बसलेला.

त्याला खाली आणायचं काम लॉग करतो. घाताचा लॉग म्हणजे घातांक गुणिले पायाचा लॉग. दोन्ही बाजू धन आणि समान असल्याने त्यांचे लॉगही समानच येतात:

क्ष × लॉग १.०९ = लॉग १.५ + क्ष × लॉग १.०६

चूक होते ती नेमकी इथे. उजवीकडे गुणाकार आहे, म्हणून लॉगांची बेरीज होते; पुष्कळ विद्यार्थी तिथेही गुणाकारच लिहून मोकळे होतात. पुढे मात्र हे साधं एकघाती समीकरण आहे. क्ष ची पदं एका बाजूला घेतली की

क्ष = लॉग १.५ ÷ (लॉग १.०९ − लॉग १.०६)

बारावीच्या परीक्षेत वापरतात तसं चार अंकी लॉग टेबल उघडलं, तर ०.१७६१ ला ०.०३७४ वजा ०.०२५३, म्हणजे ०.०१२१ ने भागायचं. उत्तर १४.५५. कॅल्क्युलेटर मात्र १४.५३ म्हणतो. टेबल चुकलेलं नाही. दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे अंक एकमेकांत विरून जातात आणि हाती जेमतेम तीन भरवशाचे अंक उरतात. व्याजदर जितके जवळचे, तितकी ही झीज जास्त. दर अगदी सारखेच असले तर छेद शून्य होतो आणि धाकटी थोरलीला कधीच गाठत नाही.

लॉग १० पायाचा घ्या की ई पायाचा, भागाकार तोच येतो. पण लॉग १.५ ला आधी लॉग १.०९ ने भागून मग लॉग १.०६ वजा केला, तर उत्तर पार भरकटतं. कंसातली वजाबाकी आधी.

उत्तर बरोबर आहे का, हे मूळ समीकरणात घालूनच कळतं. १४ वर्षांनी धाकटीकडे ३.३४ लाख, थोरलीकडे ३.३९ लाख. १५ वर्षांनी धाकटीकडे ३.६४, थोरलीकडे ३.५९. गाठ मधेच कुठेतरी पडते, पण व्याज वर्षाअखेरीस जमा होत असेल तर धाकटी पुढे गेलेली पासबुकात दिसेल ती पंधरावं वर्ष संपल्यावरच.