साडेदहाचा कॉल

समजा, ती पुण्यात आहे आणि तो म्युनिकला. उन्हाळाभर रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल ठरलेला. तिकडे तेव्हा सात वाजलेले असतात, तो कामावरून येऊन जेवायला बसलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. आता तिच्या साडेदहाला तो ट्रेनमध्ये असतो. तो घरी पोचेपर्यंत थांबायचं, तर पुण्यात साडेअकरा वाजतात, आणि तिला सकाळी साडेसहाला कंपनीची बस गाठायची असते. पाऊण तासाचा कॉल वीस मिनिटांवर येतो, रोजचा होता तो आठवड्यातून दोनदा. नोव्हेंबर सरता सरता तिला वाटू लागतं, याचं मन उडालंय.

त्यात स्क्रीनही फसवते. फोनचा कॅमेरा वर असतो आणि तिचा चेहरा खाली. तो तिच्याकडेच पाहत असला, तरी तिला त्याची नजर दुसरीकडे वळलेली दिसते. आवाज उशिरा पोचला की आणखी गोंधळ. 2014 साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आवाज सेकंदभराने मागे पडला तरी ऐकणाऱ्याला समोरचा माणूसच कमी लक्ष देतोय असं वाटतं. दोष लाइनचा आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून नुसत्या नजरेवरून किंवा रेंगाळलेल्या 'हं'वरून निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं.

मग पाहायचं काय? आधी तारीख. कॉल घड्याळं बदलल्यावर आक्रसले, की ऑगस्टपासूनच? ऑगस्टपासून असतील, तर दोष घड्याळाचा नाही. मग ज्याला घड्याळाची अडचण नाही ते पाहावं. व्हॉइस मेसेज ट्रेनमधूनही पाठवता येतो. कॉल कमी झाले पण मेसेज वाढले, तर माणूस वाट शोधतोय. दोन्ही एकदमच आटले, तर काळजी करण्याजोगं आहे. कॉल रद्द करताना तो दुसरी वेळ सुचवतो का, की 'बघू' म्हणून सोडून देतो? आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही खूण: आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी आहे, असं तिने सोमवारी सांगितलं होतं. शुक्रवारी तो आपणहून विचारतो का? सोमवारी तो स्क्रीनवर ईमेल चाळत होता असं तिला वाटलं असेल, पण विचारलं तर त्याने ऐकलं होतं.

'तुझं लक्षच नसतं' म्हटलं, की समोरचा आपला बचाव करू लागतो आणि बोलणं तिथेच अडतं. 'गेले तीन रविवार तू दहा मिनिटांत फोन ठेवतोयस, काय चाललंय?' याला मात्र उत्तर द्यावं लागतं. कधी ते नोकरीतल्या ताणाचं असतं, जो त्याने लपवलेला असतो. कधी तिला ज्याची भीती होती तेच असतं. अशा उत्तरासाठी रात्री साडेअकराची घाईची वेळ नको. रविवारची दुपार ठेवावी, जेव्हा दोघांनाही उठून कुठे जायचं नसतं.